समकालीन रोजनिशीवरून स्थाननिश्चिती

एखादा नेता अमुक तारखेला नेमका कुठे होता, हे त्याच्याच काळातल्या दुसऱ्या माणसाने रोजच्या रोज लिहिलेल्या नोंदींवरून पडताळून पाहण्याची पद्धत. बखर किंवा आठवणी पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिल्या जातात. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते, आणि तिचे मोल त्यातच आहे. पण रोजनिशीतल्या प्रत्येक ओळीचे वजन सारखे नसते. तारीखही वाटते तितकी सरळ नसते. ठाणे परिसराच्या इतिहासात या दुसऱ्या अडचणीला तोंड दिल्यावाचून पुढे जाताच येत नाही.

पद्धत समजून घेण्यासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आणि हेन्री ऑक्झिंडेनचे टिपण. ऑक्झिंडेन हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील म्हणून मे १६७४ मध्ये रायगडला गेला. दुभाषा म्हणून नारायण शेणवी बरोबर होता. तहाच्या वाटाघाटींसाठी काही आठवडे तो तिथेच राहिला. या मुक्कामात त्याने तारीखवार नोंदी ठेवल्या आणि परतल्यावर त्या मुंबईच्या कौन्सिलला सादर झाल्या. थोडक्यात, ही खासगी डायरी नव्हे, वरिष्ठांसाठीचा तारीखवार अहवाल आहे. वकिलाला आपली कामगिरी चांगली दिसावी असे वाटणारच, म्हणून तहाच्या बोलण्यांविषयीचे त्याचे शब्द सावधपणे वाचावेत. ‘राजा आज गडावर नाही’ अशा नोंदीत मात्र खोटे बोलून त्याला काही मिळणार नव्हते. स्थाननिश्चितीसाठी अशाच बिनमतलबी ओळी शोधाव्या लागतात.

पाहिलेले आणि ऐकलेले

पहिले काम म्हणजे प्रत्येक नोंदीपुढे ती पाहिलेली आहे की ऐकलेली, हे लिहिणे. ऑक्झिंडेन १९ मे रोजी पायथ्याच्या पाचाडला पोचला. तिथे त्याला कळले की महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले आहेत. पुष्कळ ठिकाणी हे वाक्य ‘१९ मे रोजी महाराज प्रतापगडावर होते’ असे उतरवले जाते. नोंदीतून एवढे निघत नाही. त्या दिवशी ते पाचाड-रायगडावर नव्हते असे तिथल्या लोकांनी सांगितले आणि कारण म्हणून प्रतापगडाचे नाव घेतले, एवढेच तिच्यावरून म्हणता येते. ते त्या दिवशी वाटेत असतील, प्रतापगडावर असतील किंवा परत निघालेले असतील.

२२ मे रोजी गडावर येण्याची आज्ञा झाली. दुपारी तीनच्या सुमारास पाचाड सोडून सूर्यास्ताच्या वेळी मंडळी माथ्यावर पोचली. ऑक्झिंडेनच्या मुक्कामाची ही पक्की नोंद आहे, महाराजांच्या नव्हे. समोरासमोर भेट झाली ती २६ मे रोजी, निराजी पंडितांच्या मध्यस्थीने. प्रत्यक्ष पाहिल्याची पहिली तारीख हीच. म्हणजे १९ ते २६ मे या मधल्या दिवसांसाठी हातात फक्त ऐकीव माहिती आणि अनुमान उरते. रायगड आणि प्रतापगड यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर आहे. प्रत्यक्ष वाट डोंगरातून आणि बरीच लांब असली, तरी एवढ्या दिवसांत जाऊन येणे सहज शक्य होते. एखाद्या कागदावरून या काळात महाराज दोनशे किलोमीटरवर दिसले, तर मात्र दोन्हींपैकी एका कागदाची तारीख पुन्हा तपासायला हवी.

२९ मेची नोंद या दोहोंच्या मधली आहे. महाराजांची सुवर्णतुला झाली आणि वजन सुमारे सोळा हजार होन भरले, असे तीत आहे. ऑक्झिंडेन त्या वेळी गडावरच होता, त्यामुळे महाराज तिथे होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण आपण समोर उभे राहून तुला पाहिली, असे तो म्हणत नाही. ठिकाणासाठी ही नोंद वापरावी. सोळा हजार हा आकडा मात्र ‘असे सांगितले गेले’ या दर्जाचाच मानावा.

६ जूनची नोंद पूर्णपणे डोळ्यांनी पाहिलेली आहे, हे तिच्यातल्या तपशिलांवरून ओळखता येते. सकाळी सात-आठच्या सुमारास तो दरबारात गेला. महाराज सिंहासनावर बसलेले होते. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरून दाखवली, तेव्हा महाराजांचे लक्ष गेले आणि त्यांनी मंडळींना सिंहासनाजवळ बोलावले. भाल्यांच्या टोकांवर त्याला सोन्याची मत्स्यशिरे आणि तराजू दिसले. दारात दोन लहान हत्ती होते. इतक्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, याचेही त्याने आश्चर्य केले आहे. ऐकून लिहिणारा सोहळ्याचे वैभव वाढवून सांगतो. हत्ती चढले कसे हा प्रश्न डोंगर स्वतः चढून दमलेल्यालाच पडतो.

तारखेचा गुंता

ऑक्झिंडेनची ६ जून ही आजच्या कॅलेंडरची ६ जून नाही. इंग्रज १७५२ पर्यंत जुने, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर वापरत. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवे, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर घेतले होते. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. १७०० नंतर ते अकरा झाले.

१६७४ मध्ये ठाणे आणि सारी साष्टी पोर्तुगीजांकडे होती आणि मुंबई इंग्रजांकडे. ज्या दिवशी माहीमचा इंग्रज ६ जून लिहीत होता, त्याच दिवशी खाडीपलीकडे ठाण्याचा पोर्तुगीज लेखनिक १६ जून लिहीत होता. दोन्ही तारखा बरोबर आहेत आणि दिवस एकच आहे. ठाण्यावरच्या कामात मुंबईची आणि वसईची कागदपत्रे नेहमी शेजारी ठेवावी लागतात. अशा वेळी हे अंतर विसरले, तर एकच माणूस दहा दिवसांच्या फरकाने दोनदा त्याच गावी जाऊन आला असे चित्र तयार होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, त्या मोहिमेच्या इंग्रजी आणि पोर्तुगीज तारखांत हाच फरक अकरा दिवसांचा दिसतो.

यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे वार. कॅलेंडर बदलले तरी आठवड्याचा क्रम तुटला नाही, त्यामुळे खाडीच्या दोन्ही तीरांवर वार एकच असे. ज्युलियन ६ जून १६७४ हा शनिवार होता. संगणकावरची बहुतेक कॅलेंडरे मात्र ग्रेगोरियन पद्धतच मागे ताणत नेतात आणि ६ जून १६७४ ला बुधवार दाखवतात. बुधवार आला की समजावे, रूपांतर राहून गेले आहे. मराठी इतिहासलेखनात शिवकालासाठी ज्युलियन तारखा देण्याचा प्रघात आहे, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीखही त्यातलीच. म्हणून जंत्री किंवा संदर्भग्रंथ उघडल्यावर त्यातला इंग्रजी रकाना कोणत्या पद्धतीचा आहे, हे आधी पाहावे. आधीच बदललेल्या तारखेत पुन्हा दहा दिवस मिळवण्याची चूक फार वेळा होते.

दुसऱ्या साक्षीशी मेळ

रोजनिशी एकटी पुरत नाही. तिच्याशी संबंध नसलेला दुसरा कागद लागतो. इथे तो जेधे शकावलीच्या रूपाने मिळतो. तीत शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, घटी २१ पळे ३४ अशी नोंद असून तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले असे म्हटले आहे. वरवर पाहता दोन साक्षी भांडतात, कारण ऑक्झिंडेनचा दिवस शनिवार येतो आणि शकावलीचा शुक्रवार. शिवाय सोहळ्याची तिथी सर्वत्र त्रयोदशी मानली जाते, तर इथे द्वादशी आहे.

भांडण मिटते ते दिवस कुठून मोजायचा यावर. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. इंग्रजांचा दिवस मध्यरात्री बदलतो. घटिका म्हणजे २४ मिनिटे, तेव्हा तीन घटिका म्हणजे सूर्योदयापूर्वी ७२ मिनिटे. त्या दिवसांत रायगडावर स्थानिक सौर वेळेने सूर्योदय साडेपाचच्या जरा आधी होतो. म्हणजे सिंहासनारोहण पहाटे सव्वाचारच्या सुमारास झाले. पंचांगाने तेव्हा शुक्रवारच चालू होता, इंग्रजी गणतीने मात्र मध्यरात्रीच शनिवार लागला होता. घटी २१ पळे ३४ हा द्वादशी संपण्याचा क्षण आहे. सूर्योदयापासून सुमारे साडेआठ तासांनी, म्हणजे शुक्रवारी दुपारीच, त्रयोदशी लागली होती. तिथीचा प्रश्नही इथेच सुटतो. पहाटे सिंहासनारोहण झाले आणि सुमारे तीन तासांनी ऑक्झिंडेन दरबारात आला, तेव्हा महाराज आधीच बसलेले होते. एका साक्षीने मुहूर्त दिला आणि दुसरीने त्यानंतरची सकाळ. दोन्हींत ठिकाण एकच येते.

दुसरी साक्ष निवडताना ती खरोखर स्वतंत्र आहे का, हे पाहावे. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनातही या वकिलातीची हकिगत आहे. पण फ्रायर स्वतः या वकिलातीबरोबर गेला नव्हता. त्याची हकिगत ऑक्झिंडेनच्या मंडळींकडूनच आलेली असल्यामुळे ती दुसरी साक्ष ठरत नाही. दोन पुस्तकांत तेच तपशील त्याच क्रमाने आले, की एकाने दुसऱ्यावरून घेतल्याचा संशय घ्यावा.

आणखी एक मर्यादा प्रतींची आहे. ऑक्झिंडेनचा वृत्तांत आज ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरांतून आणि त्यांवरून छापलेल्या संग्रहांतून वाचला जातो. नक्कल करताना तारखेचा आकडा एका ओळीने वरखाली सरकणे ही नेहमीची गोष्ट आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९३ पासूनच्या जुन्या वाचनालयांत छापील साधनांवर काम सुरू करता येते. पण निष्कर्ष एकाच तारखेवर टेकलेला असेल, तर मराठी अनुवादावर न थांबता मूळ इंग्रजी पाठ पाहावा आणि आधीच्या व नंतरच्या चार-पाच नोंदी सलग वाचाव्यात. मुक्कामांची अंतरे आणि वार त्या क्रमात बसले, तर मधली तारीख सरकलेली नाही असे धरायला हरकत नसते. नोंद नसलेल्या दिवसांविषयी मात्र रोजनिशी काहीच सांगत नाही. ६ जूनच्या दुपारी महाराज गडावर नेमके कुठे होते, हे ऑक्झिंडेनच्या सकाळच्या भेटीवरून ठरवता येणार नाही.