ताप उतरला, तरी परिचारिका का थांबते?

डेंग्यूच्या रुग्णासाठी आमच्याकडून घरी परिचारिका घेतलेली कुटुंबं ताप उतरला की हमखास विचारतात, "आता उद्यापासून नाही आल्या तरी चालेल ना?" आमचं उत्तर असतं की अजून दोन दिवस तरी येऊ द्या. त्यामागचं कारण आपल्याला नीट कळावं, म्हणून हे पत्रक.

डेंग्यूचा ताप एकाएकी चढतो आणि १०३-१०४ पर्यंत जातो. डोकं फुटेल असं वाटतं, डोळ्यांमागे दुखतं, अंग ठणकतं. हे दोन ते सात दिवस चालतं. त्रास खूप होतो, पण जिवाचा धोका सहसा या दिवसांत नसतो. तो येतो ताप उतरण्याच्या सुमारास, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्या तेव्हा गळू लागतात. रक्तातला पातळ द्रव बाहेर झिरपून पोटात आणि छातीत साठतो, आणि उरलेलं रक्त घट्ट होतं. ही गळती २४ ते ४८ तास चालते आणि मग आपली आपण थांबते. सगळ्यांनाच ती होत नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ताप सुरू झाला तो पहिला दिवस धरून आम्ही रुग्णाच्या कागदावर रोज दिवसाचा आकडा लिहितो.

एक उदाहरण घेऊ. एरवी धडधाकट असलेल्या माणसाला सोमवारी ताप भरला. मंगळवारी डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली. बुधवारी रिपोर्टमध्ये पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, दीड लाख आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, ४१. गुरुवारी रात्री अंगाला घाम फुटला, पॅरासिटामॉल न देताही ताप ९९ वर आला आणि घरचे निर्धास्त झोपले. शुक्रवारी, म्हणजे पाचव्या दिवशी सकाळी, रुग्ण "बरं वाटतंय" म्हणाला, पण उठून बसायला तयार नव्हता. दोन घोट चहा घेतला आणि उलटी झाली. पोटात दुखत होतं. पहाटे चारनंतर लघवी झालेली नव्हती.

दहा वाजता परिचारिकेने पाहिलं तर हातपाय थंड, नाडी ११२, बीपी १०४/८४. घरच्यांचं लक्ष वरच्या आकड्याकडे गेलं: शंभराच्या वर आहे, मग ठीकच. परिचारिकेने पाहिलं ते दोन आकड्यांमधलं अंतर. एरवी ते ४० च्या आसपास असतं, इथे फक्त २० होतं. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागत होता. याचा अर्थ शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं, सुरू झालेला आहे. शरीर रक्तवाहिन्या आवळून कसाबसा दाब टिकवतं, म्हणून वरचा आकडा शेवटपर्यंत फसवा राहतो, आणि मग एकदम कोसळतो. अशा वेळी नवीन रिपोर्टची वाट पाहायची नसते, थेट रुग्णालय गाठायचं. तिथे पीसीव्ही ४९ निघाला. ४१ वरून ४९ होणं म्हणजे रक्तातला द्रव निघून गेल्याची खूण. पेशी ५५ हजार होत्या आणि नातेवाईक त्याच धरून बसले होते. पण रक्तस्राव नव्हता, त्यामुळे पेशी चढवाव्या लागल्या नाहीत. मोजूनमापून सलाईन दिलं, आणि रुग्ण सावरला.

आम्हाला मनापासून सांगावंसं वाटतं की रोज नुसता पेशींचा आकडा विचारू नका. त्याच्या शेजारचा पीसीव्हीही विचारा, आणि शेवटची लघवी कधी झाली ते लक्षात ठेवा. पोटात सतत किंवा वाढत जाणारी दुखणी, दिवसात तीन किंवा जास्त उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शौच, सहा तास लघवी न होणं, धाप, गुंगी किंवा विचित्र चिडचिड, थंड पडलेले हातपाय: यांतलं एकही दिसलं तरी ताप असो वा नसो, रात्र असो वा पहाट, रुग्णाला हलवायचं.

"घरीच सलाईन लावा" हा आग्रह आम्ही मानत नाही. गळती थांबल्यावर बाहेर साठलेला द्रव परत रक्तात येतो. त्याच वेळी सलाईन चालू राहिलं तर फुप्फुसात पाणी होऊन धाप लागते. घरी तोंडानेच द्यायचं, थोडं थोडं आणि वारंवार: ओआरएस, फळांचा रस, पातळ पेज. नुसतं साधं पाणी पुरत नाही, कारण क्षारही भरून यावे लागतात. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. कमरेत इंजेक्शन घेणंही टाळा.

रुग्णाला हात लावल्याने डेंग्यू होत नाही. पण ताप असेपर्यंत त्याला चावलेला एडिस डास काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो. हा डास दिवसा चावतो, म्हणून आमची परिचारिका भर दुपारी मच्छरदाणी लावते. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा नुसती रिकामी करू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात आणि सुकली तरी महिनोन्महिने जगतात.

मलेरियातही ताप उतरणं फसवं असतं, पण वेगळ्या तऱ्हेने. ॲनोफिलीस डास संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. साधारण एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, हुडहुडी भरते, मग ताप चढतो, मग दरदरून घाम येऊन उतरतो. दुसऱ्या दिवशी माणूस कामालाही जातो. व्हायवॅक्स प्रकारात पुढचा झटका ४८ तासांनी येतो, पण सुरुवातीचे दिवस ताप रोजही येतो, आणि फॅल्सिपेरम या घातक प्रकारात कसलाच नेम नसतो. म्हणून "एक दिवसाआड येत नाही, म्हणजे मलेरिया नाही" हा हिशेब चुकीचा आहे. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल, तर डॉक्टर १२ ते २४ तासांनी पुन्हा करायला सांगतात, ती टाळू नका. गुंगी, झटके, कावीळ, धाप, गडद रंगाची लघवी किंवा काही पिताच न येणं ही मलेरियातली धोक्याची चिन्हं आहेत. लहान मुलं आणि गर्भवती यांच्या बाबतीत तर ती दिसेपर्यंतही थांबू नये.

व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यासाठी प्रायमाक्विन देतात, बहुधा १४ दिवस. त्याआधी जी६पीडीची तपासणी करून घ्यायची असते, कारण त्या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. गर्भवतींना ही गोळी देत नाहीत. ताप तिसऱ्या दिवशी गेला की गोळ्या कपाटात जातात, म्हणून आम्ही परिचारिकेची शेवटची भेट कोर्स संपण्याच्या दिवशी ठेवतो आणि पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजतो. औषध घेताना लघवी काळपट दिसली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.