३, ६, ४ : रीत वेगळी आहे की रीत चुकली आहे?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाचीने परवा रात्री नऊ वाजता मुलाच्या वहीचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती : "मावशी, हे बरोबर आहे का बघ की जरा." तिचा मुलगा चौथीत आहे. गणित होतं ५०३ वजा २६७. शेवटी उत्तर २३६ लिहिलेलं होतं आणि ते बरोबर होतं, पण उत्तराच्या वरचं काही तिला ओळखू येत नव्हतं. हातचा कुठेच घेतलेला नव्हता. वरचा आकडा कापून त्याच्या डोक्यावर लहान आकडा मांडलेला नव्हता. नुसतं ३००, ६०, ४ असं काहीतरी होतं.

दहा मिनिटांत दुसरा फोटो आला. त्याच इमारतीतल्या शेजारणीची मुलगी याच वर्गात आहे, तिचंही हेच गणित होतं. तिने उभी मांडणी केली होती, अगदी भाचीला शाळेत शिकवली होती तशी, आणि खाली उत्तर होतं ३६४.

एकाच्या वहीत ३, ६, ४ आणि दुसरीच्याही वहीत ३, ६, ४. मी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलं, तरी हे दोन फोटो शेजारी ठेवून जरा वेळ बघत बसले. आकडे तेच, पण एक मूल गणित समजून करतंय आणि दुसरं एका चुकीच्या नियमाने करतंय. आणि वरवर बघितलं तर चुकलेलंच गणित जास्त ओळखीचं दिसतं.

आधी मुलाचं पान बघू. तो डावीकडून, म्हणजे शतकापासून निघाला. ५०० मधून २०० गेले, राहिले ३००. दशकाच्या घरात वर शून्य आहे आणि खाली ६, तिथे त्याने −६० लिहिलं. एककात वर ३ आणि खाली ७, तिथे −४ लिहिलं. मग ३०० मधून ६० काढले, २४०. त्यातून ४ काढले, २३६. मी त्याला फोनवर घेतलं आणि विचारलं, "शून्यातून साठ कसे काढलेस रे?" तो म्हणाला, "काढले नाहीत आजी, साठ द्यायचे राहिलेत. आणि तीन दिले तरी चार राहिलेत. ते तीनशेतून दिले." ऋण संख्या त्याला सहावीत भेटतील, पण देणं राहतं म्हणजे काय हे त्याला आजच पक्कं माहीत आहे. ही रीत पूर्ण बरोबर आहे आणि कितीही मोठ्या वजाबाकीला चालते.

आता मुलीचं पान. तिनेही प्रत्येक घर वेगळं धरलं. ५ मधून २ गेले, ३. पुढच्या घरात ० आणि ६, तिने लिहिलं ६. शेवटच्या घरात ३ आणि ७, लिहिलं ४. तिला विचारलं, "वर शून्य आहे ना गं, मग सहा कसे आले?" ती लगेच म्हणाली, "मोठ्यातून लहान वजा करायचा असतो ना, बाई." हे वाक्य तिने मनाने काढलेलं नाही. आपण मोठी माणसंच ते दुसरीत सांगतो, आणि अख्ख्या संख्येपुरतं ते खरं असतं. तिने ते प्रत्येक घराला लावलं. वरचा कोण आणि खालचा कोण हा फरकच त्यात पुसला गेला. मुलाच्या ६० आणि ४ ला वजाचं चिन्ह आहे, म्हणजे ते तीनशेतून जायचे आहेत. मुलीचे ६ आणि ४ तीनशेत मिळवले गेले. दोन्ही वह्यांमधला फरक एवढाच, दोन आडव्या रेघांचा.

त्या रेघा भाचीच्या पहिल्या फोटोत दिसतच नव्हत्या. चौकटीच्या वहीत पेन्सिलने काढलेलं वजाचं चिन्ह छापलेल्या रेषेवर बसलं की फोटोत गायब होतं. म्हणून मी तिला पान खिडकीजवळ किंवा ट्यूबखाली ठेवून, मोबाईल बरोबर वर धरून, पूर्ण पानाचा फोटो पुन्हा काढायला लावला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला, कारण साध्या फोटोची तिथे प्रत कमी होते. शिवाय खोडलेलं तसंच राहू दे म्हटलं. खोडरबराखालची अर्धवट खूण पुष्कळ काही सांगते. नुसत्या उत्तराभोवती कापलेला फोटो असेल तर रीत बघताच येत नाही.

भाचीचा खरा प्रश्न मात्र वेगळा होता. "पण हातचा कुठंय गं?" तिच्या आठवणीतली रीत अशी : ३ मधून ७ जात नाहीत, शेजारी शून्य आहे, म्हणून शतकाकडे जायचं. ५ चे ४ करायचे, मोकळ्या झालेल्या शतकाचे १० दशक, त्यातला एक दशक एककाला द्यायचा, तिथे १३ होतात आणि दशकात ९ उरतात. मग १३ मधून ७ गेले ६, ९ मधून ६ गेले ३, ४ मधून २ गेले २. आता शाळेत यालाच दशक सुटा करणं, शतक सुटं करणं म्हणतात.

मी तिला सांगितलं, तुझी आजी हे बघून म्हणाली असती की ही कुठली नवी रीत. माझी आई वरच्या आकड्याला हातच लावत नसे. ती म्हणायची, "तेरातून सात गेले सहा, हातचा एक. सहा आणि एक सात, दहातून सात गेले तीन, हातचा एक. दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." तिचा हातचा खालच्या आकड्यात मिळवायचा असे. वरच्या संख्येत दहा वाढवले तर खालच्या संख्येतही दहा वाढवायचे. दोघी बहिणींची वयं दहा वर्षांनी वाढली तरी त्यांच्यातला फरक बदलत नाही, तसंच हे. मंगळवार पेठेतला दुकानदार तर वजाबाकी करतच नाही. २६७ रुपयांची शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेतली आणि पाचशेची नोट दिली, की तो तीन रुपये ठेवून म्हणतो २७०, तीस ठेवून म्हणतो ३००, मग दोनशे ठेवून म्हणतो ५००. हाती आले २३३. या सगळ्या रीती वेगळ्या दिसतात, पण प्रत्येकीत वरून काय काढायचं याचा हिशेब चुकत नाही.

मग घरी बसून ओळखायचं कसं? पहिली गोष्ट पडताळा. आलेल्या उत्तरात खालची संख्या मिळवली की वरची यायला हवी. २३६ आणि २६७ मिळून ५०३ होतात. ३६४ आणि २६७ मिळून ६३१, म्हणजे जमलं नाही. पण पडताळा फक्त त्या एका उत्तराबद्दल बोलतो. रीत खरी आहे का हे तो सांगत नाही, आणि इथेच पालक फसतात. त्या मुलीच्या मागच्या पानावर पाच गणितं होती आणि पाचही बरोबर होती. ६८ वजा २५ बरोबर ४३, ७८९ वजा २५६ बरोबर ५३३, अशीच सगळी. एकाही गणितात वरचा आकडा खालच्यापेक्षा लहान नव्हता. अशा गणितांत तिचा चुकीचा नियम आणि खरी रीत एकच उत्तर देतात. पाच बरोबरच्या खुणा मिळाल्या आणि चुकीचा नियम आणखी घट्ट झाला.

म्हणून नवीन रीत दिसली की मी उत्तरावर थांबत नाही, मुलाला त्याच रीतीने आणखी दोन गणितं करायला सांगते : ५२ वजा ३८ आणि ४०० वजा १७६. पहिल्यात एककात वरचा आकडा लहान आहे. दुसऱ्यात वर दोन शून्यं आहेत. रीत खरी असेल तर १४ आणि २२४ येतील. मोठ्यातून लहान काढायची सवय असेल तर २६ आणि ३७६ येतील, आणि हे दोन आकडे दिसले की निदान झालंच समजा. मुलं अशा चुका सहसा निष्काळजीपणे करत नाहीत. १९७८ साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला, त्यातही हेच होतं : बऱ्याच चुका एखाद्या ठरावीक, पण बिघडलेल्या नियमाने येतात. नियम सापडला तर पुढचं चुकीचं उत्तरसुद्धा आधी सांगता येतं.

भाचीच्या मुलाने दोन्ही गणितं आपल्या रीतीने केली. ३०० − ७० − ६, उत्तर २२४. मी तिला सांगितलं, रीत बरोबर आहे, खोडू नकोस. मात्र गृहपाठात "उभी मांडणी करून सोडवा" असं लिहिलेलं असेल तर त्याने तशीही एकदा मांडावी, कारण तिथे ती रीत येते का हेच बाईंना बघायचं आहे. ती सूचना नसेल तर आहे तेच पान शाळेत जाऊ दे.

मुलीच्या आईला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. मुलीपुढे शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी ठेवली आणि म्हटलं, मला २६७ दे. तिने दोन नोटा दिल्या आणि तीन नाणी दिली. मग थांबली. दहाची एकही नोट नव्हती. "सुटे करून देता का?" असं तिने स्वतःच विचारलं. एक शंभरची नोट मोडून तिला दहाच्या दहा नोटा दिल्या, त्यातली एक मोडून दहा नाणी दिली. तिने ६७ पुरे केले आणि समोर उरलेले मोजले : २३६. वहीतल्या ३६४ कडे बघून ती म्हणाली, "एवढे उरतील कसे, दोनशे तर मी सरळ दिले."

संध्याकाळी तिच्या आईचा फोटो आला. ४०० वजा १७६, उभी मांडणी. एककाच्या डोक्यावर १०, दशकाच्या डोक्यावर ९, आणि उत्तर ३२४. कालच्या नियमाने ३७६ आलं असतं, म्हणजे तो नियम सुटला होता. एकक आणि दशक दोन्ही बरोबर होते. उत्तर नेमकं १०० ने जास्त होतं, कारण ४ कापून ३ करायचे राहिले होते. शंभराची नोट तिने मोडली होती, पण ती आपल्याजवळच्या नोटांतही तशीच मोजली होती. मी उत्तर दिलं : "तिला विचारा, चारशेपैकी किती नोटा अजून अख्ख्या आहेत."