दुकानाच्या विम्याचा हप्ता: "निम्मे आता, निम्मे पुढच्या महिन्यात" का चालत नाही

पावसाळा तोंडावर आला की आम्हा विमा एजंटांकडे दिवसाला दोन-तीन फोन येतात : "उधारी अडकली आहे, अर्धे पैसे घ्या, बाकी चेक पंधरा दिवसांनी." अडचण खरी असते. तरीही आम्ही नाही म्हणतो. त्याचं कारण एकदा नीट सांगतो.

विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार पूर्ण प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. मोठ्या प्रकल्पांच्या विम्यासारखे काही अपवाद आहेत, पण गाळ्याची, मालाची नेहमीची पॉलिसी त्यात बसत नाही. म्हणून अर्धी रक्कम पाठवलीत तर अर्धं संरक्षण मिळत नाही, काहीच मिळत नाही. पैसे कंपनीत नुसते पडून राहतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मस्जिद बंदरच्या एका व्यापाऱ्यांच्या तिन्ही पॉलिसी ३० जूनला संपत होत्या. आग-पूर ३५,४००, कामगार भरपाई १४,१६०, घरफोडी ९,४४०, जीएसटीसकट एकूण ५९,०००. त्यांनी संध्याकाळी ३०,००० ऑनलाइन पाठवले, बाकीचा पुढच्या तारखेचा चेक दिला आणि निर्धास्त झाले. आठवड्याने गाळ्यात पाणी शिरलं, खालच्या थरातली खोकी भिजली. हातात पैसे भरल्याची पावती होती, पॉलिसी नव्हती. क्लेम उभाच राहिला नाही. पॉलिसी नंबर आणि सुरू होण्याची तारीख दिसली, तरच विमा सुरू झाला असं समजा. चेक वटला नाही तरीही तीच गत.

मग हप्ते हवेतच तर ते बँकेशी ठेवा, विमा कंपनीशी नाही. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयमध्ये कंपनीला पूर्ण रक्कम एकदम मिळते, तुम्ही बँकेला फेडता. व्याज आणि त्या व्याजावरचा जीएसटी मात्र आधी विचारून घ्या. सीसी खातं असेल तर त्यातूनही भरता येतं.

आम्हाला सगळ्यात पटलेला उपाय तारखा विभागण्याचा. त्याच व्यापाऱ्यांची आग-पुराची पॉलिसी आम्ही पावसाआधी ठेवली, कामगारांची दिवाळीनंतर, घरफोडीची मार्चमध्ये. यासाठी दोन पॉलिसी एकदाच कमी मुदतीच्या काढाव्या लागल्या. कमी मुदतीचा प्रीमियम महिन्यांच्या हिशोबापेक्षा जास्त पडतो, पण एकदाच. आता एका वेळी ५९,००० उभे करावे लागत नाहीत. मालाची रक्कम कमी दाखवून प्रीमियम घटवू नका, क्लेमच्या वेळी तेवढी कात्री लागते.

तुमचे पैसे आम्ही भरावेत असंही काही जण सुचवतात. आम्ही ते करत नाही. उलट, तुमच्याकडून आलेला प्रीमियम २४ तासांत (बँकेची सुट्टी सोडून) कंपनीत भरतो, कारण कायदा तेच सांगतो.

मुदत संपायच्या ४५ दिवस आधी जुनी पॉलिसी व्हॉट्सअॅपवर पाठवा. तारखांची मांडणी आम्ही करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शेवटच्या संध्याकाळी फोन आला, तर पूर्ण रक्कम भरण्यापलीकडे आमच्याही हातात काही उरत नाही.