सुजलेला सांधा, ताप आणि सुईभर पाणी

गुडघा एका रात्रीत सुजतो, हात लावला तरी ठणका बसतो, अंगात ताप असतो. हा गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या आजाराचा, झटका असू शकतो, तसाच सांध्यात जंतू शिरल्याने झालेला पूही असू शकतो. वरून पाहून हे दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. ताप तर जंतुसंसर्ग झालेल्या बऱ्याच रुग्णांना येतच नाही आणि गाउटमध्ये मात्र येऊ शकतो.

प्रतिजैविके नव्हती तेव्हा सांधा उघडून पू काढणे हाच मुख्य उपाय होता. पहिल्या महायुद्धात बेल्जियमचे शल्यचिकित्सक शार्ल विलेम्स यांनी जखमी सैनिकांचे पू झालेले गुडघे उघडले आणि ते लगेच हलवायला लावले. हालचालीने पू बाहेर पडत राही आणि सांधा आखडत नसे. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आले आणि जंतू नेमका कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. त्याचे उत्तर सांध्यातल्या पाण्यात असते. पाणी काढण्याआधीच अँटिबायोटिक दिले, तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच न उगवण्याची शक्यता वाढते.

पुढे १९६१मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकी डॉक्टरांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली गाउटच्या सांध्यातल्या पाण्यात युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, सुईसारखे स्फटिक दाखवले. निदान खूप सोपे झाले, पण माझ्या मते एक फसवा दिलासाही इथूनच सुरू झाला: स्फटिक दिसले, म्हणजे जंतू नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जुना गाउट असलेल्या साठीच्या माणसाचा गुडघा सुजला आहे, ताप ३८.४ अंश सेल्सिअस आहे. रक्तातले युरिक ॲसिड नॉर्मल आहे, पण झटक्याच्या वेळी ते तसे असू शकते, म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही. सुईने काढलेले पाणी गढूळ आहे. निरोगी सांध्यातल्या पाण्यात दर घन मिलिमीटरला पांढऱ्या पेशी साधारण २००पेक्षा कमी असतात. इथे ६८,००० आहेत आणि स्फटिकही दिसतात. ५०,०००च्या वर संसर्गाचा संशय बळावतो, पण गाउटमध्येही कधी कधी आकडा तिथवर जातो आणि खऱ्या संसर्गात तो कमीही असू शकतो. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे पाण्याचा थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, जंतू दिसले नाहीत. तेही फारसे समाधानाचे नाही, कारण ही तपासणी निम्म्याहून अधिक संसर्ग चुकवू शकते.

अशा वेळी सांध्यातल्या पाण्याचे आणि रक्ताचे कल्चर पाठवून, अहवालाची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. इथे दुसऱ्या दिवशी कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू उगवला. मग सांधा धुऊन पू काढावा लागला.

घाईचे कारण कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, आहे. पूमधल्या पेशींची विकरे आणि जंतूंची विषे तिला काही दिवसांतच पोखरू लागतात, आणि रक्तवाहिन्या नसलेली कूर्चा एकदा झिजली की पूर्ववत होत नाही. स्फटिक पाहून गाउट समजून त्याच दिवशी सांध्यात स्टेरॉइड टोचले असते, तर सूज आणि वेदना तात्पुरत्या उतरल्या असत्या आणि संसर्ग आत दबून वाढत राहिला असता.