वीस मिनिटांचा सराव पंचेचाळीस मिनिटांचा का होतो: दिवसभराच्या प्रशिक्षणाच्या स्लाइड्स घेणाऱ्यांसाठी

आमच्याकडे स्लाइड्स करून घ्यायला येणारे बहुतेक जण एक वाक्य हमखास बोलतात: "दिवसभराचं आहे, सात-आठ सराव टाका." जळगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात मग आधी कॉम्प्युटर नाही, कागद-पेन निघतं.

रावेर तालुक्यातल्या केळी पॅकिंगच्या कामगारांसाठीचं प्रशिक्षण घ्या. माणसं तीस, वेळ दहा ते पाच, म्हणजे 420 मिनिटं. जेवणाची 45 आणि दोन चहाची 30 वजा करा. उशिरा येणारे आणि ओळखपाळख यात 30 गेली. उरली 315. आता फण्यांची प्रतवारी करण्याचा एक सराव पाहू. प्रत्येक गटाला दहा फण्यांचे फोटो द्यायचे, त्यांनी 'निर्यात', 'स्थानिक बाजार' आणि 'बाद' असे तीन ढीग करायचे. काम वीस मिनिटांचं. पण गट पाडून बसायला 5, सूचना सांगायला 3, पाच गटांनी दोन-दोन मिनिटं मांडायला 10 आणि चर्चेला 7 धरली की 45 होतात. असे चार सराव म्हणजे 180 मिनिटं, आणि शिकवायला उरतात 135. पाचवा सराव घातला तर उरतात 90, आणि तोही बहुधा पाच वाजता घाईघाईत गुंडाळला जातो. म्हणून आम्ही चारवर थांबतो.

प्रत्येक सरावाला आम्ही दोन वेगळ्या स्लाइड देतो. पहिल्या स्लाइडवर फक्त गट कसे पाडायचे ते असतं: "एक ते पाच आकडे म्हणा, आपल्या आकड्याच्या टेबलावर जा." एका गावची माणसं एकत्र बसलेली असतात, ती यामुळे आपोआप विखुरतात. सगळे बसले की दुसरी स्लाइड लावायची. उठण्याआधी काम सांगितलं, तर खुर्च्या सरकवेपर्यंत निम्मी सूचना विसरलेली असते. दुसऱ्या स्लाइडवर तीनच ओळी: काय करायचं, शेवटी कागदावर काय दिसलं पाहिजे, कोण लिहिणार आणि कोण सांगणार. ही सूचना आणि घड्याळ एकाच पडद्यावर शेवटपर्यंत राहतं, कारण दहाव्या मिनिटाला कोणीतरी विचारतंच, "भाऊ, नेमकं काय करायचं होतं?" प्रशिक्षकांनी तोंडी खुशाल अहिराणीत किंवा लेवा बोलीत समजवावं, स्लाइडवर साधी मराठी बरी.

आता घड्याळाबद्दल. सेकंद धावणारा व्हिडिओ दिसतो छान, पण माणसं फण्या सोडून आकडेच बघत बसतात. शिवाय चुकून पुढचं बटण दाबून परत आलात, तर तो पुन्हा वीसपासून सुरू होऊ शकतो. म्हणून आम्ही त्याच सूचना-स्लाइडच्या सात प्रती करतो, कोपऱ्यात मोठा आकडा: 20, 15, 10, 5, 2, 1, 0. पॉवरपॉइंटच्या `Transitions` मध्ये `After` समोर पहिल्या तिघींना पाच-पाच मिनिटं, चौथीला तीन, पुढच्या दोघींना एक-एक. बेरीज वीस. सातवीला वेळ नाही, ती तिथेच थांबते. मध्येच चूक झाली तर त्या टप्प्यापुरताच घोळ होतो. शून्याच्या स्लाइडवर '५ मिनिटं वाढवा' अशी लिंक असते, ती थेट 5 च्या स्लाइडवर नेते.

या स्लाइड्सवर `On Mouse Click` ची खूण आम्ही काढलेली असते, म्हणजे माउसला धक्का लागला तरी काही होत नाही. पण हातातला रिमोट आणि कीबोर्डचे बाण तरीही स्लाइड पुढे ढकलतात. सराव सुरू झाला की रिमोट टेबलावर ठेवा, खिशात नको.

घड्याळ हललंच नाही तर `Slide Show` मध्ये `Use Timings` ची खूण आहे का ते बघा. फाइलची पीडीएफ केलीत तर घड्याळ मेलंच समजा. गुगल स्लाइड्समध्येही प्रत्येक स्लाइडची वेगळी वेळ चालत नाही. हे आम्ही दर वेळी सांगतो, आणि तरी आदल्या रात्री कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ करूनच पाठवतं.

अक्षरं युनिकोड फॉन्टमध्येच देतो. तुमचा जुना मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये असेल तर तो बदलून घ्यायला दोन दिवस जास्त धरा. हॉलमध्ये उजेड असतो, म्हणून पांढऱ्यावर गडद अक्षरं. काळी पार्श्वभूमी मागू नका, दुपारी मागच्या रांगेला काही दिसत नाही.

सूचनांच्या स्लाइड्सचे छापील कागदही आम्ही देतो, गटागणिक एक. लाइट गेली तर लॅपटॉप चालू राहील, प्रोजेक्टर नाही. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून फळ्यावर "11.40 ला थांबायचं" असं लिहायचं आणि सराव चालू ठेवायचा.

ऑर्डर देताना आम्हाला तीन गोष्टी कळवा: माणसं किती, टेबलं हलवता येतात की बाकं पक्की आहेत, आणि जेवण नक्की किती वाजता येणार.