टेप निघाली, चिकटा राहिला

गणपतीचं विसर्जन झालं की आरास उतरते आणि भिंतीवर तिच्या खुणा उरतात. कागदी फुलांमागच्या डबल साइड टेपचे फोमचे तुकडे, माळांना धरून ठेवणारे सेलोटेपचे पट्टे, तोरणासाठी दाराला लावलेल्या मास्किंग टेपचा फाटका कागद. मग हाताला लागेल ते वापरून पाहिलं जातं: सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, खोबरेल तेल, सुरी. यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे काम करते, आणि म्हणूनच घोटाळा होतो. कोणता उपाय करायचा हे चिकट्यापेक्षाही त्याच्याखाली काय आहे, यावर ठरतं.

टेपवरचा चिकटा सुतारी गोंदासारखा सुकून कडक होत नाही. तो कायम मऊ राहतो. दाबून ठेवला की अतिशय हळू पसरत रंगाच्या बारीक खाचांमध्ये शिरतो; झटका देऊन ओढला की तोच चिकटा कडक घन पदार्थासारखा वागतो. म्हणून आठवडाभर राहिलेली टेप पहिल्या दिवसापेक्षा घट्ट बसलेली असते, आणि ती खसकन ओढली की सगळा जोर रंगावर येऊन पोपडा निघतो. कोमट करून सावकाश ओढली तर चिकटा सैल पडून सुटतो. फार तापवली तर मात्र तो मधोमध तुटतो आणि अर्धा थर भिंतीवरच राहतो.

चिकट्याची दोन घराणी आपल्याला पुरेशी आहेत. एक रबर आणि राळ मिसळून केलेलं. बहुतेक मास्किंग टेप आणि बऱ्याच स्वस्त फोम टेप यातल्या. दुसरं अॅक्रिलिकचं, आजच्या पारदर्शक टेपांवर बहुधा हेच असतं. रबराचा चिकटा ऊन आणि हवेने पिवळा पडतो, आधी लिबलिबीत आणि पुढे ठिसूळ होतो. अॅक्रिलिकचा वर्षानुवर्षं स्वच्छ आणि चिकट राहतो. मास्किंग टेप अमेरिकेत १९२५ साली आली ती मोटारी दोन रंगांत रंगवताना रंगाची कड सरळ यावी म्हणून. रंगकाम झालं की काढायची, असंच तिचं काम. तिच्यावर महिनाभर तोरण टांगणं हा तिच्यावर अन्यायच आहे.

तेल रबराच्या चिकट्यात मुरतं, तो फुगतो आणि त्याची पकड सुटते. अॅक्रिलिकवर तेलाचा फारसा परिणाम होत नाही. त्याला स्पिरिट किंवा अॅसिटोन लागतं. इथेच खरी अडचण येते. भिंतीवरचा प्लास्टिक इमल्शन रंगसुद्धा बहुतेक वेळा अॅक्रिलिकच असतो. जे स्पिरिट टेपचा चिकटा सोडवतं, ते रंगालाही मऊ करतं. सॅनिटायझरने भिंत पुसल्यावर बोळ्यावर रंग उतरतो तो यामुळे. रंगारीही कपाटामागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासून पाहतात: रंग उतरला तर इमल्शन, जागचा हलला नाही तर ऑइल पेंट. आणि तेल? ते भिंतीच्या छिद्रांत शिरून कायमचा गडद डाग पाडतं, आणि पुढे त्यावर रंग नीट धरत नाही. म्हणून भिंतीवर ना स्पिरिट ना तेल, आधी ऊब.

समजा हॉलच्या इमल्शनच्या भिंतीवर फोमच्या डबल साइड टेपचा बोटभर तुकडा उरला आहे. हेअर ड्रायर मध्यम आचेवर ठेवून वीतभर अंतरावरून, एका जागी न थांबवता, मिनिटभर फिरवायचा. हाताला चांगलं गरम लागावं, पण चटका बसू नये. मग नायलॉनचा दोरा फोम आणि भिंत यांच्यामध्ये घालून करवतीसारखा पुढेमागे ओढायचा. फोम कापला जाऊन निघतो आणि मागे पातळ थर राहतो. तो थोडा कोमट करून अंगठ्याने एकाच दिशेने चोळला की त्याच्या वळ्या होतात, कारण आता चिकटा भिंतीपेक्षा स्वतःलाच जास्त घट्ट धरतो. वळी सुटत नसेल तर सेलोटेपचा ताजा तुकडा त्यावर दाबून, भिंतीलगत मागे दुमडत हळू उचलायचा. काट्याने काटा काढायचा तो असा. शेवटी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसायचं.

हे करताना निघालेल्या तुकड्याची पाठ दर वेळी बघावी. तिच्यावर पांढरी भुकटी दिसली तर चिकट्याबरोबर रंगही येतो आहे. जुन्या डिस्टेंपरवर असंच होतं, तो पाण्यानेही पुसला जातो. तिथे ओला उपाय नको; खोडरबराने हलकेच घासून जेवढं निघेल तेवढंच काढायचं. ड्रायरखाली रंग चकाकू लागला तरीही थांबायचं. इमल्शनही उष्णतेने मऊ पडतो, आणि तो घासला की ती चकाकी तशीच राहते.

लाकडी दाराचा हिशोब उलटा आहे. दार ऑइल पेंटचं असेल तर काम सोपं. टेपचा कागद कोमट करून काढायचा, राहिलेल्या रबरी चिकट्यावर रंगाऱ्याचं मिनरल टर्पेंटाइन कापडावर थोडंसं घेऊन पुसायचं आणि लगेच साबणाच्या पाण्याचा हात फिरवायचा. खिडकी उघडी हवी आणि जवळपास समई किंवा उदबत्ती पेटलेली नको. दुकानात थिनर म्हणून मिळणारा तीव्र वासाचा द्राव वापरू नये. त्याने रंग सुरकुततो.

जुन्या सागवानी दारांवर बहुधा फ्रेंच पॉलिश असतं, आणि ते सर्वांत नाजूक. ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. साहजिकच स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळंच त्याला विरघळवतं किंवा मऊ करतं. बिजागरीच्या बाजूला, दार लावल्यावर न दिसणाऱ्या कडेवर स्पिरिटचा एक थेंब ठेवून पाहावा. मिनिटभरात जागा चिकट झाली तर फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू, आणि त्यावर स्पिरिटचा झटपट हात चालतो.

फ्रेंच पॉलिशवर तेलच बरं. खोबरेल तेलाचा बोळा पिवळ्या पडलेल्या चिकट्यावर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. थंडीत तेल थिजलेलं असेल तर शेंगदाण्याचं घ्यावं. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, खरवडायचं. पहिल्या वेळी अर्धंच निघालं तर जोर वाढवण्याऐवजी पुन्हा तेल ठेवायचं. शेवटी जेमतेम ओल्या साबणाच्या कापडाने तेल टिपून लगेच कोरडं करायचं, कारण लाखेवर पाणी राहिलं की पांढरट डाग उमटतो. इथे ड्रायर अगदी मंद हवा: लाख ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते.

काही वेळा चिकटा पूर्ण निघाला तरी तपकिरी पट्टा दिसतच राहतो. तो रंगात मुरलेला चिकट्याचा पिवळेपणा असतो आणि कुठलाही द्राव तो बाहेर ओढत नाही. भिंतीवर नुसता इमल्शनचा हात मारला तर काही दिवसांत तो पुन्हा वर येतो. आधी डाग दाबणारा प्रायमर लावावा, तो वाळू द्यावा, आणि मग फक्त तेवढाच ठिपका न रंगवता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची सगळी भिंत रंगवावी. नव्या-जुन्या रंगाची चमक वेगळी असते, आणि टच-अपचा चौकोन बाजूने पडणाऱ्या उजेडात डागापेक्षाही उठून दिसतो.