शेजारच्या कॅपॅसिटरचा धक्का

कारखान्यातल्या एपीएफसी पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कॅपॅसिटर टप्प्याटप्प्याने जोडले जातात. 415 व्होल्टवर 25 केव्हीएआरचा एक टप्पा चालू असताना फक्त 35 अँपिअर घेतो. तरीही तो टप्पा जोडणाऱ्या स्विचचे, म्हणजे कॉन्टॅक्टरचे, पॉइंट चिकटून बसतात, तेव्हा बहुतेक जण कॅपॅसिटरला दोष देतात. खरं कारण असतं तो जोडला जातो त्या क्षणात.

रिकामा कॅपॅसिटर पहिल्या क्षणी जवळपास शॉर्टसर्किटसारखा वागतो. पॅनेलमध्ये तो एकटाच असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि केबलचं इंडक्टन्स प्रवाहाला बऱ्यापैकी आवरतं. पण शेजारचा टप्पा आधीच भरलेला असेल, तर तो आपला साठा थेट या रिकाम्यात ओततो, आणि मध्ये असते जेमतेम मीटर-दोन मीटर वायर.

आकडे मांडून पाहू. अशा टप्प्याची धारिता दर फेजला सुमारे 462 मायक्रोफॅरड. दोन टप्पे एकामागे एक धरले की 231. मधल्या वायरचं इंडक्टन्स 2 मायक्रोहेन्री धरू. फेज व्होल्टेजच्या शिखरावर, म्हणजे 339 व्होल्टला, कॉन्टॅक्टर लागला तर प्रवाहाचं शिखर 3,600 अँपिअरच्या आसपास जातं. वायरचा रोध ते थोडं खाली आणतो, इतकंच. झटका सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात ओसरतो, पण त्याच वेळी पॉइंट आपटून उसळत असतात आणि त्यांचा पृष्ठभाग वितळतो.

यावर स्वस्त उपाय म्हणजे कॅपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टर. त्यावर दिसणारी वेटोळ्यांची वायर हा झटका आवरणारा रोध. साहाय्यक पॉइंट काही मिलिसेकंद आधी लागतात, कॅपॅसिटर त्या वायरीतून भरतो आणि मग मुख्य पॉइंट लागतात. वाटेत 1 ओहम असला तरी शिखर 339 अँपिअरच्या वर जात नाही. ही वायर जळाली किंवा तुटली, तरी पॅनेल चालूच राहतं. म्हणून देखभालीच्या वेळी, पुरवठा बंद करून आणि कॅपॅसिटर पूर्ण डिस्चार्ज झाल्याची खात्री करून, त्या वायरी तपासायलाच हव्यात. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा गेल्यावरही क्लॅम्प मीटर प्रवाह दाखवत असेल, तर पॉइंट चिकटले आहेत.

दुसरा उपाय प्रत्येक टप्प्यात रिॲक्टर, म्हणजे मोठ्या इंडक्टन्सचं वेटोळं. 7 टक्क्यांचा रिॲक्टर म्हणजे सुमारे 1.53 मिलिहेन्री, दोन टप्प्यांमध्ये असे दोन येतात. तोच हिशेब पुन्हा केला की शिखर 93 अँपिअरवर येतं. मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी असलेल्या कारखान्यात मी हाच निवडेन, कारण कॅपॅसिटरसोबत त्याचा अनुनाद 189 हर्ट्झवर असल्याने व्हीएफडीमुळे येणाऱ्या 250 हर्ट्झच्या पाचव्या हार्मोनिकलाही तो वाढू देत नाही. मात्र रिॲक्टरमुळे कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज 415 वरून 446 होतं. तिथे जुनाच 440 व्होल्टचा कॅपॅसिटर ठेवणं चूक. 480 किंवा 525 व्होल्टचा घ्यावा, आणि केव्हीएआरचा हिशेब नव्याने करावा.

यांपैकी काहीही बसवलं तरी टप्पा बंद होताच लगेच पुन्हा लावू नये. आत उरलेला विद्युतभार विरुद्ध दिशेचा असेल तर व्होल्टेजचा फरक दुप्पट होतो, आणि झटकाही. डिस्चार्ज रोधाला पुरेल इतका विलंब कंट्रोलरमध्ये ठेवावा.